प्रश्न आपल्याला, मग मान दुसरीकडे का?

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर शेतात खुरपता खुरपता ऐकत असाल. आज आपण बँकेत, मुलाखतीत आणि सभेत आपण बसतो कसं, बघतो कुठे आणि हात कुठे ठेवतो याबद्दल बोलणार आहोत. हे आम्हाला सुचलं ते आमच्यावरच पाळी आली म्हणून. तेव्हा आधी ती गोष्टच सांगतो.

आमचा अकरा जणींचा बचत गट. तीन वर्षं झाली होती, दर महिन्याला प्रत्येकीची शंभर रुपये बचत, म्हणजे ३९,६०० रुपये जमले होते. बँकेचं पहिलं कर्ज एक लाखाचं होतं, त्याचे २४ पैकी २२ हप्ते वेळेवर गेले होते. आता मिरची कांडप यंत्रासाठी पुढचं कर्ज हवं होतं. अध्यक्ष, सचिव आणि गटातली तिसरी एक जण, अशा तिघी तालुक्याच्या बँकेत गेल्या. सोबत अध्यक्षांचा पुतण्या होता, मोटारसायकल लावायला आणि वाट दाखवायला.

केबिनमध्ये गेल्यावर तिघी दाराला लागून उभ्या राहिल्या. साहेबांनी खुर्च्यांकडे हात केला. समोर तीन खुर्च्या होत्या. एकीत पुतण्या बसला, एकीच्या टोकावर अध्यक्ष टेकल्या, बाकी दोघी उभ्याच. साहेबांनी अध्यक्षांना विचारलं, "आधीच्या कर्जाचे किती हप्ते राहिलेत?" अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी पुतण्याकडे बघितलं. पुतण्याला गटाचं काहीच माहीत नव्हतं, पण सगळ्यांची नजर आली म्हणून तो बोलला, "असतील चार-पाच." राहिले होते दोन. सचिवांच्या पिशवीत वही होती, आकडा तोंडपाठ होता. तरी उत्तर चुकीचं गेलं.

साहेब वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ज्यांना माहिती आहे त्यांना घेऊन या." आणि गंमत म्हणजे माहिती असलेलीच त्यांच्यासमोर उभी होती.

घरी आल्यावर खूप राग आला. मग पुढच्या मासिक बैठकीत आम्ही तो प्रसंग सतरंजीवर पुन्हा करून बघितला. एक जण साहेब झाली, तिघी जशा उभ्या होत्या तशा उभ्या राहिल्या, बाकीच्या बघत बसल्या. बघणाऱ्यांना एक गोष्ट लगेच दिसली. प्रश्न आला की तोंड उघडायच्या आधी मान फिरत होती. उत्तर डोक्यात होतं, पण मानेने ते शेजारणीच्या ओटीत टाकलं होतं. समोरच्या माणसाला आपल्या डोक्यातलं दिसत नाही, त्याला फिरलेली मान दिसते. त्याने त्याचा अर्थ काढला की हिला माहीत नाही.

हे आपल्यात आलं कुठून, हे आपल्याला ठाऊकच आहे. घरात कोणी मोठ्याने विचारलं तर सासूबाईंकडे नाहीतर मालकांकडे बघायचं, ही आपल्याला मर्यादा म्हणून शिकवलेली गोष्ट. घरात तिचा अर्थ मान राखणं असा होतो. बँकेत आणि मुलाखतीत त्याच गोष्टीचा अर्थ वेगळा लागतो. आपण घरची रीत सोडावी असं आम्ही म्हणत नाही. पण कुठे तिचा काय अर्थ लावला जातो, एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

आता आत जाण्यापासून क्रमाने बघू.

दाराशी थांबून "येऊ का साहेब?" किंवा "येऊ का मॅडम?" असं ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारायचं. आत गेल्यावर भिंतीला लागून उभं राहायचं नाही, टेबलाजवळ जायचं. बसायला सांगितलं की बसायचं. खुर्च्या कमी असतील तर "अजून एक खुर्ची मिळेल का?" असं विचारायला काहीच हरकत नाही. सोबत घरचा पुरुष आला असेल तर त्याला बाहेर बाकावर बसू द्यावं. तो आत असला की आपली नजर त्याच्याकडे जाणारच, आणि साहेबही त्याच्याशीच बोलू लागतात.

खुर्चीच्या टोकावर टेकलेली बाई कधी उठून जाईल असं वाटतं. म्हणून मागे सरकून पाठ टेकेल असं बसायचं. पण बऱ्याच ऑफिसांतल्या खुर्च्या उंच असतात, मागे सरकलं की आपले पाय लोंबकळतात आणि मग आपण पाय हलवत राहतो. असं होत असेल तर थोडं पुढे सरकावं, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवावेत आणि कणा सरळ ठेवावा. पाय टेकले की आवाजही नीट निघतो, हे दळताना, कांडताना आपण अनुभवलेलं आहेच. अंग आखडून, खांदे वर उचलून बसलं तर श्वास छातीत अडकतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज बुडतो.

पिशवी मांडीवर घेऊन तिला दोन्ही हातांनी मिठी मारायची, ही आपली सगळ्यांची सवय. पिशवीत पैसे असतात, सांभाळायला हवंच. पण ती मधे भिंतीसारखी उभी राहते, आणि कागद काढायचा म्हटलं की सगळं उपसावं लागतं. पिशवी पायाशी, दोन पायांच्या मधे ठेवावी, तिथेही ती सुरक्षित असते. मांडीवर फक्त फाइल ठेवावी, आणि आत कागद ज्या क्रमाने मागतील त्या क्रमाने लावून न्यावेत. पासबुक वर, मग कर्जाचं खातं, मग बैठकांच्या इतिवृत्ताची वही. पदर आधीच पिनेने लावून टाकावा. डोक्यावर पदर घेत असाल तर तो जरूर घ्या, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तो सारखा सारखा सावरल्याने, कारण मग बोलताना अर्धा जीव पदरात असतो. मोबाइल बंद करून पिशवीतच ठेवावा.

आता हात मिळवण्याचं. याची आपल्याला उगाच धास्ती असते. खेड्यात आपण पुरुषाशी हात मिळवत नाही, आणि मुलाखतीतही मिळवलाच पाहिजे असं काही नाही. नमस्कार पूर्ण चालतो. फक्त तो वेळेत करायचा. समोरच्याने हात पुढे केल्यावर आपण नमस्कार केला तर त्याचा हात हवेत राहतो आणि दोघंही ओशाळतात. म्हणून आत गेल्या गेल्या, टेबलापासून दोन पावलं असतानाच, आपणच आधी दोन्ही हात छातीशी नीट जोडून, समोर बघून नमस्कार करायचा. आपण आधी केला की समोरचा माणूसही बहुतेक वेळा हातच जोडतो. पिशवी एका हातात, दुसरा हात अर्धा वर, असा घाईचा नमस्कार मात्र नको.

शहरातल्या एखाद्या मॅडमनी हात पुढे केला आणि आपल्यालाही चालणार असेल तर तो नीट मिळवावा. उभं राहून, उजवा हात, तळवा जमिनीकडे किंवा आकाशाकडे न करता उभा. आपल्या अंगठ्याच्या बेचक्याला त्यांच्या अंगठ्याची बेचकी लागली पाहिजे. नुसती बोटांची टोकं पुढे केली तर हात मेल्यासारखा लागतो. कळशीचा काठ धरतो तितकाच घट्ट धरायचा, विळा धरतो तितका नाही. दोनदा हलवायचा आणि सोडायचा. घाम असेल तर आत जायच्या आधी रुमालाला हात पुसावेत. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात २००० साली ११२ विद्यार्थ्यांचे हात मिळवणं तपासलं होतं. ज्यांचा हात ठाम होता त्यांच्याबद्दल पहिलं मत चांगलं झालं, आणि हे बायकांच्या बाबतीतही दिसलं. पण ते लोक हात मिळवण्याच्या रिवाजातले होते. आपल्याकडे नीट केलेला नमस्कार तेच काम करतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, म्हणजे नजर आणि मान. ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून उत्तर सुरू करायचं आणि वाक्य संपेपर्यंत मान फिरवायची नाही. एवढंच. डोळ्यांत डोळे घालून बघायला संकोच वाटत असेल, विशेषतः वडीलधाऱ्या पुरुषाच्या, तर त्याच्या दोन भुवयांच्या मधे बघावं. टेबलापलीकडून त्याला हा फरक कळत नाही. टक लावूनही बघायचं नाही. मधूनच कागदाकडे बघावं, पुन्हा वर बघावं, गप्पा मारताना बघतो तसंच. मुलाखत घ्यायला तिघं-चौघं बसले असतील तर सुरुवात विचारणाऱ्याकडे बघून करायची, मधे एकदा बाकीच्यांवर नजर फिरवायची आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे बघून करायचा.

उत्तर पटकन आठवलं नाही तर छताकडे किंवा शेजारणीकडे बघू नका. "एक मिनिट साहेब, वहीत बघून सांगते," असं म्हणून वहीत बघा. वहीत बघणारी बाई हिशोबाची पक्की दिसते. आणि उत्तर खरंच दुसरीला माहीत असेल तर ते तिच्याकडे जरूर द्या, पण तोंडाने द्या. "हप्त्यांचं आमच्या सचिव सांगतील," असं साहेबांकडे बघून म्हणायचं, मग सचिवांनी सांगायचं. डोळ्यांनी ढकललं तर तो गोंधळ वाटतो, शब्दांनी दिलं तर ती कामाची वाटणी वाटते. म्हणून निघायच्या आधी ठरवून घ्यावं की बचतीचं कोण बोलेल, कर्जाचं कोण आणि नव्या धंद्याचं कोण.

हातांच्या काही सवयी आम्हाला आमच्याच सरावात सापडल्या. एक जण बोलताना तोंडापुढे पदर धरत होती. त्याने शब्द अर्धे आतच राहत होते, आणि समोरच्याला "काय?" असं दोनदा विचारावं लागलं की बोलणारी आणखी घाबरते. दुसरी पदराच्या टोकाला पीळ घालत होती. तिसरी बांगड्या फिरवत होती, त्यांचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, बाकी सगळ्यांना येत होता. हात रिकामे राहिले की ते काहीतरी शोधतात. त्यावर उपाय म्हणजे त्यांना एक ठरलेली जागा द्यायची, दोन्ही हात फाइलवर एकावर एक. सांगताना हात हलले तर हलू द्यावेत. यंत्र केवढं, शेड केवढी, हे हाताने दाखवलं की चांगलंच कळतं. फक्त कोणाकडे बोट रोखू नये आणि सांगून झालं की हात परत फाइलवर आणावेत.

आता एक सवय सांगतो, तिने आमचं खरं नुकसान केलं. त्या दिवशी निघताना साहेबांनी भराभर काहीतरी सांगितलं आणि विचारलं, "कळलं ना?" तिघींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर एकमेकींना विचारलं तर एकीलाही नीट सांगता येईना. त्यांनी सगळ्या सभासदांच्या सह्यांचा ठराव मागितला होता, हे दुसऱ्यांदा चौकशीला गेल्यावर कळलं. त्यात एकीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली आणि गाडीभाडं गेलं ते वेगळंच.

आपण मान डोलावतो तेव्हा आपल्या मनात असतं, "बोला, ऐकतेय." समोरचा समजतो, "कळलं, मान्य आहे." ठरावाच्या बाबतीत एक खेप वाया गेली. पण व्याजाचा दर, कर्जाची मुदत, हप्ता चुकला तर लागणारा दंड, कर्जाबरोबर घ्यायचा विमा, यांवर अशी मान डोलली आणि पाठोपाठ सही झाली तर ते अकरा घरांना भरावं लागतं. म्हणून न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची नाही. मान स्थिर ठेवायची, हात थोडा वर करायचा आणि म्हणायचं, "साहेब, हे परत सांगा, मी लिहून घेते." सांगून झालं की आपण आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचं, "म्हणजे ठराव, त्यावर अकरा सह्या, आणि सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. बरोबर?" ते हो म्हणाले की मगच मान डोलवायची.

ग्रामसभेतही हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात येते. आपण मागे, कडेला, दाराबाहेर बसतो आणि बसल्या जागेवरून बोलतो. मग आवाज पुढे जात नाही आणि बोलणं कुजबुज ठरतं. तिथे दोघी-तिघींनी पुढच्या रांगेत जाऊन बसावं. बोलायचं तेव्हा उभं राहावं, पाय थोडे फाकवून दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, सरपंचांकडे तोंड करावं आणि गलका थांबेपर्यंत गप्प उभं राहावं. गप्प उभी राहिलेली बाई दिसली की लोक आपोआप शांत होतात. गलक्यात बोलायला लागलं तर पहिलंच वाक्य, जे सगळ्यात महत्त्वाचं असतं, ते वाया जातं.

आता थोडं सावध करतो. कुठल्याशा प्रशिक्षणात तुम्ही ऐकलं असेल की आपल्या बोलण्याचा ९३ टक्के परिणाम हावभाव आणि आवाजाचा असतो, शब्दांचा फक्त ७ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आला. त्यांनी एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवला होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. सगळ्या बोलण्याला हा हिशोब लागू होत नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. तेव्हा फसू नका. वही चुकली असेल तर सरळ कण्याने ती बरोबर होत नाही. साहेबांना आधी आकडा हवा असतो. आपलं बसणं-बघणं एवढंच करतं की आपल्याजवळ असलेला आकडा त्यांच्यापर्यंत नीट पोहोचतो.

आणि समोरच्याच्या हावभावांवरून आपणही घाईने अर्थ काढू नये. साहेब फोनमध्ये बघत असले तर त्यांना आपलं काम करायचं नाही असं लगेच समजू नये. कदाचित त्यांना वरून फोन आला असेल. अशा वेळी बोलणं थांबवावं, त्यांनी वर बघितलं की पुन्हा सुरू करावं. कोणी हाताची घडी घालून बसलं असेल तर त्याला पंख्याखाली थंडीही वाजत असेल.

आता आमच्या दुसऱ्या खेपेचं सांगून संपवतो. महिन्याभराने त्याच तिघी गेल्या. पुतण्या बाहेर बाकावर बसला. अध्यक्षांनी आत जाताच नमस्कार केला. तिघी बसल्या, पिशव्या पायाशी, फाइल सचिवांच्या मांडीवर. साहेबांनी पुन्हा तेच विचारलं, "किती हप्ते राहिले?" अध्यक्षांची मान सवयीने थोडी वळली, हे त्या स्वतःच सांगतात. पण त्यांनी ती परत आणली आणि म्हणाल्या, "कर्जाचं आमच्या सचिव सांगतील." सचिव म्हणाल्या, "२४ पैकी २३ गेले साहेब, एक राहिला. बचत ४०,७०० झाली." पासबुक वरच होतं, ते त्यांनी साहेबांकडे वळवून पुढे ठेवलं आणि त्या नोंदीखाली बोट ठेवलं. साहेबांनी आकडा बघितला. त्यानंतर ते तिघींशी बोलत राहिले, दाराकडे बघितलं नाही.

दोन लाख मागितले होते, दीड लाख मंजूर झाले. तेही शेवटचा हप्ता भरून झाल्यावर. उरलेल्यासाठी यंत्र थोडं लहान घेतलं. हे सगळं नुसत्या नीट बसण्याने झालं नाही. तीन वर्षं वही नीट ठेवली होती म्हणून झालं. पण पहिल्या खेपेलाही वही तीच होती, हे विसरून चालणार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. एकीने साहेब व्हावं, दोघींनी आत यावं, बाकीच्यांनी फक्त मान आणि हात बघावेत. "किती बचत? किती कर्ज? किती राहिलं?" हे तीनच प्रश्न विचारा. कोणाकडे मोबाइल असेल तर चित्रीकरण करून स्वतःला बघा. आम्ही बघितलं तेव्हा आधी पोट धरून हसलो, मग प्रत्येकीला आपली मान कुठे वळते ते दिसलं. बघणाऱ्यांनी एकीला एकच गोष्ट सांगायची, चार सांगितल्या तर ती बोलायचंच विसरेल. पुढच्या महिन्यात दुसऱ्या जोडीने आत जावं.

तुमच्या सरावात काय सापडलं ते आम्हाला कळवा. तोवर आमचा सगळ्यांचा नमस्कार, आणि तो दोन्ही हातांनी, तुमच्याकडे बघून.